पोस्टमधली क्रियापदं कुणाची?

(कोल्हापुरात तरुण इंजिनिअरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आपलं यश सांगणारी पोस्ट मिरवल्यासारखी न वाटता कशी लिहायची, असा विषय संयोजकांनी मला दिलाय, आणि तो दिलाय कोल्हापुरात. ज्या गावात रिक्षाच्या मागंसुद्धा ‘जगात भारी’ लिहिलेलं असतं, तिथं उभं राहून मी सांगायचं, की भावांनो, जरा दमानं घ्या. चप्पल बाहेर काढून आलोय, परत मिळाली तर बरं.

माझी ओळख करून देताना सूत्रसंचालकांनी मला ‘सोशल मीडिया तज्ज्ञ’ केलं. तसं काही नाही. माझी सगळी नोकरी फाउंड्रीत, क्वालिटीत गेली. आयुष्यभर कास्टिंगमधली भोकं शोधली. आता निवृत्त आहे, तर जुनी पोरं लिंक्डइनवर काही टाकायच्या आधी मला पाठवतात, “सर, जरा नजर टाका.” मी त्यातली भोकं शोधतो. धंदा तोच आहे.

त्यातली एक पोस्ट आज तुमच्यासमोर फोडून दाखवतो. ती इंग्रजीत होती, मी मराठीत सांगतो. “अत्यंत नम्रपणे सांगू इच्छितो, की माझ्या नेतृत्वाखाली आमच्या प्लँटचं रिजेक्शन ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणण्यात यश आलं. हा प्रवास सोपा नव्हता. या यशात माझ्या टीमचा आणि मॅनेजमेंटचा मोलाचा वाटा आहे. सर्वांचे मनापासून आभार.” खाली तेवीस जणांना टॅग. त्यात त्याच्या कॉलेजचे प्राचार्यही होते. त्यांनी कधी भट्टी पाहिली असेल का, मला शंका आहे. ‘नेतृत्वाखाली’साठी त्यानं ‘स्पिअरहेडेड’ लिहिलं होतं. म्हटलं, बाळा, तू कास्टिंग केलंस की भालाफेक?

मी त्याला फोन लावला. “प्लँटचं म्हणजे सगळ्या प्लँटचं?” तर म्हणाला, “नाही सर, एकाच हाउसिंगचं.” “सगळं रिजेक्शन?” “नाही, फक्त ब्लोहोलचं.” “किती दिवसांचा आकडा?” “तीन महिन्यांचा.” म्हणजे मिरवणूक निघाली होती ती आधी आकड्याची. पोस्ट फुगलेली वाटते ती बहुतेक वेळा इथं. ‘मी’ हा शब्द बिचारा उगाच बदनाम होतो. आकड्याला पार्ट, दोष आणि मुदत ही तीन लेबलं लावली, की अर्धी फुशारकी आपोआप गळते, आणि आपल्या धंद्यातला माणूस उलट जास्त विश्वास ठेवतो. आख्ख्या प्लँटचं रिजेक्शन तीन महिन्यांत एकट्या पोरानं इतकं उतरवलं, यावर शिरोलीत कुणी विश्वास ठेवणार नाही. गोकुळ शिरगावातही नाही.

मग विचारलं, “नक्की काय झालं, ते सांग.” ते ऐका, कारण खरी पोस्ट त्यातच आहे.

हाउसिंगच्या आत पोकळी हवी म्हणून वाळूचा कोअर बसवतात. तापलेलं लोखंड त्याच्याभोवती आलं की कोअरमधला बाइंडर जळतो आणि वायू सुटतो. तो बाहेर जायला कोअरमध्ये भोक ठेवलेलं असतं, व्हेंट. ते बुजलं, की वायू लोखंडात शिरतो आणि तिथं फुगा राहतो, तोच ब्लोहोल. वरून कास्टिंग छान दिसतं. ग्राहकाकडं मशिनिंगला गेलं, एक कट मारला, की आतलं भोक दात काढून हसतं. या हाउसिंगमध्ये तेच होत होतं. पोरानं पाळीवार नोंदी ठेवल्या, तर रातपाळीत प्रमाण जास्त. सगळ्यांनी दोष दिला भट्टीला आणि वाळूतल्या ओलाव्याला. दोष द्यायला वाळू बरी, ती उलट बोलत नाही.

कोअर शॉपमध्ये एक मावशी आहेत. त्या म्हणाल्या, “साहेब, रातच्याला रंग दाट असतोय. त्यानं भोकच बुजतंय.” रंग म्हणजे कोअरला देतात ते कोटिंग. मग पोरानं २०० कास्टिंग भोक मोकळं ठेवून आणि २०० नेहमीसारखी ओतून पाहिली. फरक दिसला. पण रोज प्रत्येक भोक कोण तपासणार? टूलरूममधल्या एका मिस्त्रींनी पिन करून दिली. ती भोकात घालूनच कोअर कोटिंगमध्ये बुडवायचा आणि नंतर काढून घ्यायची. तेव्हा कुठं आकडा ४ वर आला आणि टिकला.

आता सांगा, “टीमचा मोलाचा वाटा” या शब्दांत मावशी कुठं आहेत? मिस्त्री कुठं आहेत?

इथं थोडं विषयांतर करतो. संयोजक घड्याळ बघताहेत, मीही बघतोय. खाशाबा जाधव आपल्या राजाराम कॉलेजचे. १९५२ ला हेलसिंकीला गेले आणि कुस्तीत कांस्यपदक आणलं. जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. ही गोष्ट कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. का माहीत आहे? ‘घर गहाण टाकलं’ हे क्रियापद खर्डेकर सरांच्या नावाला चिकटलंय म्हणून. कुणी नुसतं लिहिलं असतं, की खाशाबांना कॉलेजचं मोलाचं सहकार्य लाभलं, तर आज सरांचं नाव किती जणांनी घेतलं असतं? आणि बघा, सरांचं घर सांगितल्यानं खाशाबांचं पदक तसूभरही लहान झालं नाही. कुस्ती मारली ती खाशाबांनीच. दोन माणसं, दोन क्रियापदं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. श्रेय वाटायचं म्हणजे क्रियापदं वाटायची. आभार ही वेगळी वस्तू, ती लग्नपत्रिकेतही असते.

हे मी पोराला समजावलं, तर त्यानं दुसरा मसुदा पाठवला. तो पहिल्यापेक्षा वाईट. “ब्लोहोलचं कारण शोधण्यात आलं. चाचण्या घेण्यात आल्या. पिन बसवण्यात आली. रिजेक्शन कमी झालं.” वाटलं, मंत्रालयातून परिपत्रक आलंय. आपल्या मराठीची ही सोय फार घातक आहे. ‘केलं’चं ‘झालं’ केलं, की माणूस नम्र दिसतो, पण ‘मी’सोबत मावशी आणि मिस्त्रीही वाक्यातून बाहेर जातात. ‘आम्ही’चंही तेच. ‘आम्ही’ म्हणजे तिघं की तीनशे, वाचणाऱ्याला कळत नाही. आणि उद्या त्याला नोकरी द्यायला बसलेला माणूस विचारणार, “यातलं तू काय केलंस?” त्याचं उत्तर पोस्टमध्ये नको?

राहिला ‘अत्यंत नम्रपणे’. २०१८ साली ओव्हुल सेझर आणि तिच्या सहकाऱ्यांचं एक संशोधन आलं. नम्रतेच्या किंवा तक्रारीच्या आडून केलेली बढाई लोकांना सरळ बढाईपेक्षाही कमी आवडते, असं त्यात दिसलं, कारण ती खोटी वाटते. आपल्याकडं याला संशोधन लागत नाही. “नको नको” म्हणत दुसऱ्यांदा तांबडा रस्सा वाढून घेणारा पाहुणा आपण लगेच ओळखतो.

(इथं संयोजकांनी चिठ्ठी दिली.) सात मिनिटं. छान. मी पाच पायऱ्या सांगणार होतो, आता वेळेत बसतील तेवढ्या घ्या.

मसुदा झाला की प्रत्येक वाक्याला विचारा, “कुणी?” उत्तर वाक्यात नसेल तर नाव घाला. नाव घातलं तर त्याचं क्रियापद घाला. ज्याला क्रियापद सापडत नाही, त्याला टॅग नको. तेवीस टॅगची आमची तीन नावं झाली. साहेब राहिले तर रागावतील, ही भीती असते. मग साहेबांचंही क्रियापद शोधा. इथं ते होतं. चारशे कास्टिंगच्या चाचणीसाठी त्यांनी लाइन मोकळी करून दिली होती. ते लिहिलं, साहेब खूश, आणि खोटंही नाही.

दुसरं, नावं शेवटी ठेवू नका. फीडमध्ये पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीचं उघडावं लागतं. शेवटच्या ओळीतलं श्रेय म्हणजे लग्नात मांडवाबाहेर मांडलेली खुर्ची. आमची सुधारलेली सुरुवात अशी झाली: “कोअरचं भोक कोटिंगनं बुजतंय, हे आमच्या कोअर शॉपमधल्या,” इथं मावशींचं नाव, “यांनी दाखवलं. त्यावरून एका हाउसिंगचं ब्लोहोलचं रिजेक्शन तीन महिन्यांत ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं.” पुढं, “मी पाळीवार नोंदी ठेवल्या आणि २००-२०० कास्टिंगची चाचणी घेतली.” इथं ‘मी’ ताठ मानेनं ठेवायचा, ते काम त्याचंच आहे. मग मिस्त्रींचं नाव आणि “पिन बनवली, म्हणून हे रोज जमतं.” शेवटी, “उरलेल्या ४ टक्क्यांचं कारण अजून सापडलेलं नाही.” ‘प्रवास’ गेला, ‘नम्रपणे’ गेलं, भालाही गेला.

तिसरं, ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग, पार्टचा फोटो टाकू नका. आणि आपलं रिजेक्शन ११ टक्के होतं हे जगाला सांगायला कंपनीची हरकत नाही ना, ते आधी विचारा. हरकत असेल तर “निम्म्याहून कमी झालं” म्हणा. पोस्ट नंतर दुरुस्त करता येते, पण तोवर ज्यांनी वाचायची त्यांनी वाचलेली असते.

आणि शेवटचं. ज्याचं नाव घालताय, त्याला आधी वाचून दाखवा. मावशींचं लिंक्डइन नाही, त्यांना टॅग करता येत नाही. मी पोराला सांगितलं, नाव साध्या अक्षरांत लिही, पण जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यापुढं बसून मराठीत वाच. त्यानं वाचलं. मावशींनी डबा बाजूला ठेवून ऐकलं आणि म्हणाल्या, “भोक पयल्यांदा म्या न्हाई बगितलं. रातपाळीची पोरगी हाय न्हवं, तिनं दावलं मला. म्या फकस्त तुमास्नी सांगितलं.”

पहिली ओळ पुन्हा बदलावी लागली. पोस्ट दोन दिवस उशिरा गेली.