काय गाळलं, ते लिहा

मंडळी, इंजिनिअरिंगमधून प्रॉडक्टकडे वळणाऱ्यांच्या लिंक्डइन प्रोफाइल मी नेहमी वाचतो. ‘सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर, रिअ‍ॅक्ट, नोड, एडब्ल्यूएस, इच्छुक प्रॉडक्ट मॅनेजर’ अशी हेडलाइन दिसली की मला मनापासून वाईट वाटतं. माणूस हुशार असतो, पण त्या ओळीतून एवढंच कळतं की त्याला कोड लिहिता येतो आणि दुसरी नोकरी हवी आहे. त्याने एखादा निर्णय कसा घेतला, याचा मागमूस नसतो. आणि नेमणूक करणारा शोधत असतो तो निर्णयच.

माझ्या एका जुन्या सहकारी मैत्रिणीचं उदाहरण सांगतो. जरा लांबेल, पण सगळा मुद्दा त्यातच आहे. तिची बहीण नर्स. वॉर्डातल्या नर्सेस ड्यूटी बदलून घ्यायच्या त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आणि त्यात नेहमी गोंधळ. मैत्रिणीने सुट्टीच्या दिवशी बसून अ‍ॅप बनवलं: कॅलेंडर, चॅट, नोटिफिकेशन, सगळं. कोणी वापरलं नाही. पुष्कळ जण इथे थांबतात आणि समरीत लिहितात, ‘फ्लटर आणि फायरबेस वापरून शिफ्ट मॅनेजमेंट अ‍ॅप विकसित केलं.’

ती थांबली नाही. बहिणीच्या मैत्रिणींशी एकेक करून बोलली. ‘तुम्हाला काय हवं?’ असं तिने विचारलं नाही. तसं विचारलं की माणसं फीचरची यादी देतात. ‘मागच्या वेळी ड्यूटी बदललीत तेव्हा नेमकं काय काय झालं?’ असं विचारलं. त्यातून वेगळंच निघालं. बदली माणूस मिळायला अडचण नव्हतीच, ग्रुपवर कोणी ना कोणी ‘मी येते’ म्हणायचंच. अडचण पुढची होती. इनचार्ज सिस्टरने बदल मंजूर केला की नाही, हे दोघींपैकी एकीलाही खात्रीने ठाऊक नसायचं. मग कधी दोघी हजर, कधी दोघी गैरहजर.

हे कळल्यावर तिने चॅट काढून टाकलं, कॅलेंडरही काढलं. उरली एक लिंक, त्याच ग्रुपवर टाकायची. उघडली की विनंती, समोरचीचा होकार आणि इनचार्जची मंजुरी, या तीन पायऱ्या तिघींनाही सारख्याच दिसायच्या. मंजुरी आपोआप द्यावी असं काहींनी सुचवलं, कोडच्या दृष्टीने ते सोपंही होतं. तिने नकार दिला. रात्रपाळीला सगळ्याच नवख्या नर्सेस येणार नाहीत ना, हे इनचार्ज बघते. ती तपासणी यंत्राने गाळली असती तर धोका वाढला असता. यशाचं मोजमापही बदललं. डाउनलोड मोजणं सोडून, ड्यूटी सुरू होण्याआधी किती बदलांना मंजुरी मिळाली, हे ती बघू लागली.

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे, तेव्हा कबूल केलेला विषय, म्हणजे लिंक्डइनची हेडलाइन आणि समरी कशी लिहायची, ते भरभर सांगतो.

हेडलाइनला 220 अक्षरं मिळतात, पण शोधाच्या यादीत आणि फोनवर ती बरेचदा मध्येच कापली जाते, म्हणून महत्त्वाचं आधी. सध्याचं पद खरं तेच लिहा, शोध पदनामाने होतो. हातात नसलेलं पद लावू नका, पहिल्याच फोनवर उघडं पडतं. त्यापुढे तंत्रज्ञानाऐवजी तुम्ही सोडवलेला प्रश्न. मैत्रिणीची ओळ अशी झाली: ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर, प्रॉडक्टकडे वाटचाल. नर्सेसच्या ड्यूटी बदलातला मंजुरीचा गोंधळ सोडवणारं साधन, गरज शोधण्यापासून रोजच्या वापरापर्यंत.’

समरीला 2,600 अक्षरं असली तरी आधी दिसतात त्या सुरुवातीच्या मोजक्याच ओळी, बाकीचं उघडून वाचावं लागतं. तिने पहिलं वाक्य असं लिहिलं: ‘नर्सेसना बदली माणूस मिळत होता, मंजुरी कळत नव्हती, म्हणून मी चॅट काढलं आणि मंजुरी सगळ्यांना दिसेल असं केलं.’ पुढे आपोआप मंजुरी का नाकारली, आणि शेवटी मर्यादा: हे एका वॉर्डापुरतं आहे, दुसरीकडे चालेल का ते तपासलेलं नाही. ही मर्यादा झाकू नका. मुलाखतीत ‘दुसऱ्या वॉर्डात नेताना आधी काय तपासाल?’ हा प्रश्न तिथूनच निघतो, आणि त्याच्या उत्तरात तुमचा विचार दिसतो.

लिहून झालं की प्रत्येक वाक्याला ‘असंच का?’ विचारा. उत्तर फक्त ‘तंत्रज्ञान चांगलं होतं म्हणून’ एवढंच येत असेल तर ते वाक्य इंजिनिअरच्या रेझ्युमेत ठेवा, इथून काढा. ऑफिसच्या कामातले निर्णयही जरूर लिहा, फक्त कंपनीचे आतले आकडे आणि जाहीर न झालेली फीचर बाहेर ठेवा. कोणता पर्याय सोडला आणि का, एवढं त्याशिवायही सांगता येतं. आता प्रश्न घेऊ या.