तारेला झेपेल तेवढाच फ्यूज

नमस्कार श्रोतेहो. फ्यूज उडाला की घरातली नजर आधी चालू उपकरणाकडे जाते. आज बोलायचंय ते भिंतीत दडलेल्या तारेबद्दल, कारण फ्यूज असतो तो त्या तारेसाठी.

माझ्या मामांच्या खोलीत एक हीटर होता, २००० वॅटचा. तो त्यांनी दिव्यांच्याच लाइनवर लावला होता. लाइनची तार १ चौरस मिलिमीटरची आणि फ्यूज ५ अँपियरचा. आता वॅटला व्होल्टने भागा. २००० भागिले २३०, म्हणजे पावणेनऊच्या आसपास अँपियर. तरी फ्यूज टिकायचा, कारण कटआऊटमधली उघडी तार आकड्यावर येताच वितळत नाही, जवळजवळ दुपटीला वितळते. पण मामी १००० वॅटची इस्त्री लावायच्या आणि प्रवाह १३ अँपियरवर जायचा. की गेले दिवे!

तिसऱ्यांदा दिवे गेले तेव्हा मामांनी फ्यूजची तार तिपदरी करून बसवली. दिवे राहिले. हीटर चालला, इस्त्रीही चालली. अर्ध्या तासाने कसलातरी करपट वास आला. मामींनी स्विचबोर्डाशेजारी भिंतीला हात लावला, तर भिंत कोमट! मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला. सॉकेटच्या स्क्रूजवळ लाल तारेचं आवरण तपकिरी पडलेलं, बोट लावताच त्याचा तुकडा निघाला.

असं का झालं? जूल यांनी १८४० च्या सुमारास दाखवलं, की तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. लक्षात ठेवा, वर्गाने. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. मामांच्या लाइनवर ५ चे १३ अँपियर झाले, म्हणजे उष्णता जवळजवळ सातपट. वितळून लाइन तोडणारी तार तर त्यांनीच जाड केली होती.

जाता जाता सांगतो, उपकरणावरच्या पट्टीवर अँपियरचा आकडाही ठळक छापायला हवा असं मला फार वाटतं. भागाकार करायला घरात कोण बसतं?

तर फ्यूज निवडताना दोन आकडे बघा. लाइनवर एकाच वेळी चालणाऱ्या उपकरणांच्या प्रवाहापेक्षा तो थोडा मोठा हवा, आणि तारेला झेपणाऱ्या प्रवाहापेक्षा लहानच हवा. पुन्हा सांगतो, तारेपेक्षा लहानच. दोन्ही जमत नसेल, तर तार बदलायची, फ्यूज नाही.

मामांकडे वायरमनने तेच केलं. हीटर-इस्त्रीसाठी २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन ओढली, तिला १६ अँपियरचा फ्यूज दिला, आणि दिव्यांना ५ चा परत बसवला. जळकं सॉकेटही बदललं, कारण स्क्रू ढिला असेल तर प्रवाह बेताचा असूनही तेवढा सांधा तापतो, आणि ते कुठल्याच फ्यूजला कळत नाही. ते कळतं पिन काढल्यावर ती हाताला गरम लागते तेव्हा.