पावसाचा ड्रॅगन आणि खजिन्यावरचा ड्रॅगन

श्रोतेहो, नमस्कार.

ड्रॅगन म्हटले की तोंडातून आग ओकणारा, गावे जाळणारा पंखधारी राक्षस आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. ही ओळख आपल्याला युरोपातील कथांनी करून दिली आहे. प्राचीन चीनमधील शेतकऱ्याला मात्र ड्रॅगन आठवत असे तो आभाळाकडे पाहताना, पाऊस लांबला की. तिथल्या समजुतीप्रमाणे ड्रॅगन वसंतात आकाशात चढतो आणि शरदात खोल डोहात उतरतो. ढग आणणे आणि पाऊस पाडणे हे त्याचे नेमून दिलेले कामच आहे.

इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात हान राजवटीत दोंग झोंगशू नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांच्या नावावर असलेल्या ग्रंथात पाऊस मागण्याचा विधी तपशीलवार दिला आहे. वसंतात अवर्षण पडले, तर स्वच्छ माती आणून हिरव्या रंगाचा एक मोठा ड्रॅगन घडवावा, त्याची लांबी आठ झांग, म्हणजे आजच्या मापाने सुमारे १८ मीटर असावी, आणि त्याच्यासोबत निम्म्या लांबीचे सात लहान ड्रॅगन पूर्वेकडे तोंड करून मांडावेत. आठ मुलांनी तीन दिवस व्रतस्थ राहून, हिरवी वस्त्रे नेसून तिथे नृत्य करावे. गावाची दक्षिणेकडील वेस बंद करून तिच्याबाहेर पाणी ठेवावे आणि उत्तरेकडील वेस उघडावी, कारण दक्षिण ही उष्णतेची दिशा आणि उत्तर ही पाण्याची. ऋतू बदलला की ड्रॅगनचा रंग, लांबी आणि दिशाही बदलत असे. उन्हाळ्यात तो तांबडा होई. या सगळ्यामागचा विचार असा की सारखी वस्तू सारख्या वस्तूला ओढून घेते. मातीचा ड्रॅगन दिसला की आभाळातला ड्रॅगन हलतो.

पुढे बौद्ध ग्रंथांबरोबर आपल्याकडील नागराजांच्या कथा चीनमध्ये पोहोचल्या, आणि समुद्रात व नद्यांत दरबार भरवणाऱ्या ड्रॅगनराजांची कल्पना त्यांतून बळावली. त्यांची मंदिरे उभी राहिली. मला सर्वांत विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट: नवस-प्रार्थना करूनही पाऊस आला नाही, तर लोक ड्रॅगनराजाची मूर्ती देवळाबाहेर काढून रणरणत्या उन्हात ठेवत, म्हणजे तहान काय असते ते त्यालाही कळावे. आपण देव पाण्यात घालून बसतो, ते देवाला उन्हात बसवत. ज्याच्यावर हक्काने रागावता येते, त्याच्याशी नाते असावेच लागते.

याचा अर्थ हा ड्रॅगन गरीब स्वभावाचा आहे, असा मात्र नव्हे. हान फेई हा विचारवंत सांगतो की ड्रॅगनला माणसाळवता येते, त्याच्यावर स्वारही होता येते. पण त्याच्या गळ्याखाली उलटे खवले असतात आणि त्यांना धक्का लागला की तो माणसाला ठार करतो. राजाचेही तसेच असते, असे तो लगेच जोडतो. ड्रॅगन सम्राटाचे चिन्ह का ठरला, हे इथे उमगते: तो पोशिंदा आहे, पण त्याची मर्यादा ओळखूनच त्याच्याजवळ जावे लागते.

आता युरोपकडे वळू. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी काव्यातील ड्रॅगन एका जुन्या थडग्यात पुरलेल्या खजिन्यावर तीनशे वर्षे बसून आहे. त्या सोन्याचा त्याला काहीच उपयोग नाही. तरीही कोणीतरी एक पेला चोरतो आणि तो रात्रीच्या अंधारात बाहेर पडून घरेदारे जाळत सुटतो. राजाचा वाडाही त्यातून वाचत नाही. वृद्ध राजा बेओवुल्फ लाकडी ढाल आगीत टिकणार नाही हे ओळखून लोखंडी ढाल घडवून घेतो. लढाईत त्याची तलवार मोडते, तरुण विग्लाफ मदतीला धावतो, ड्रॅगन मरतो. पण त्याच्या विषारी दंशाने राजाही जातो. इथे प्रार्थना नाही, बोलणी नाहीत. खजिना वाटणारा तो चांगला राजा, अशी धारणा असलेल्या समाजात साठवून ठेवणारा हा प्राणी राजाच्या अगदी उलट टोकाला उभा आहे. ख्रिस्ती परंपरेने पुढे याच प्राण्यात सैतान पाहिला आणि त्याला मारणे हे संतांचे कार्य ठरले.

तरीही पूर्वेचा पाण्याचा आणि पश्चिमेचा आगीचा, अशी सरळ वाटणी करता येत नाही. संत जॉर्जच्या मध्ययुगीन कथेतील ड्रॅगन लिबियातील सिलेन नगराजवळच्या विस्तीर्ण तळ्यात राहतो, आणि त्याचे शस्त्र आग नसून विषारी श्वास आहे. त्याला रोज दोन मेंढ्या द्याव्या लागतात, मेंढ्या कमी पडू लागल्यावर माणसे द्यावी लागतात आणि अखेर चिठ्ठी राजकन्येच्या नावाने निघते. पाणी इथेही आहे, पण ते गावाला देण्याऐवजी ड्रॅगन अडवून बसला आहे. उलट जपानच्या पुराणकथेतील आठ डोक्यांचा ओरोची दरवर्षी एक मुलगी खातो, आणि सुसानोओ हा देव त्याला मद्य पाजून त्याचे तुकडे करतो. पश्चिमेत वेल्सच्या लोकांनी तांबडा ड्रॅगन अभिमानाने आपल्या ध्वजावर घेतला आहे. म्हणून ड्रॅगन कुठे राहतो यापेक्षा, त्याच्याकडे असलेली वस्तू, मग ती पाऊस असो वा सोने, लोकांपर्यंत पोहोचते की नाही, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

धन्यवाद.