वेळ टळलेले काम: उशिरा करावे की सोडून द्यावे?

रात्री दोन वाजता ठरलेले काम सर्व्हर बंद असल्यामुळे राहिले आणि सकाळी सर्व्हर सुरू झाला, तर पुढे काय व्हावे, हे बहुतेक वेळा कोणी ठरवलेले नसते. ते वापरलेल्या साधनावर सोडलेले असते. साधा क्रॉन बंद काळातले काम विसरून जातो. सिस्टिमडीचा टायमर मात्र पुढील ओळी लिहिल्यास राहिलेले काम सर्व्हर सुरू होताच करतो.

```
[Timer]
OnCalendar=*-*-* 02:00:00
Persistent=true
```

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. कितीही रात्री चुकल्या, तरी भरपाई म्हणून काम एकदाच चालते. एक उदाहरण घेऊ. विक्रीच्या नोंदी दुसऱ्या यंत्रावर जमा होतात आणि आपले काम रोज दोन वाजता ‘कालची’ बेरीज करते. आपला सर्व्हर १४ तारखेच्या रात्री अकरापासून १६ तारखेच्या सकाळी पावणेआठपर्यंत बंद राहिला, म्हणजे दोन फेऱ्या चुकल्या. सुरू होताच एक फेरी चालते, ‘काल’ म्हणजे १५ तारीख असे धरते आणि १४ तारखेची बेरीज कायमची राहून जाते. कोणतीही त्रुटी नोंदली जात नाही. महिनाअखेरीस तक्त्यात एक दिवस कमी दिसतो, तेव्हाच ते कळते. म्हणून अशा कामाने आजची तारीख विचारू नये. शेवटी पूर्ण झालेला दिवस त्याने स्वतः नोंदवून ठेवावा आणि तेथून कालपर्यंतचा प्रत्येक दिवस क्रमाने उरकावा. मग उशिराची एक फेरी पुरते.

बॅकअपचे तसे नाही. त्याला आताची स्थिती हवी असते, त्यामुळे चुकलेल्या दोन रात्रींसाठी एकच प्रत पुरते. प्रश्न उरतो तो किती उशीर चालेल एवढाच. समजा, बॅकअपला चाळीस मिनिटे लागतात आणि नऊ वाजता कार्यालय सुरू झाल्यावर डिस्कवर ताण नको आहे. मग सुरुवातीची शेवटची वेळ आठ वीस येते, आणि थोडी सवड ठेवून मी आठ धरतो, म्हणजे ठरल्या वेळेपासून सहा तास. कुबरनेटीसच्या क्रॉनजॉबमध्ये हे थेट सांगता येते:

```
startingDeadlineSeconds: 21600
```

सिस्टिमडीच्या टायमरमध्ये अशी मर्यादा लिहायची सोय नसल्यामुळे ती तपासणी स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळींत करावी लागते. मात्र केवळ घड्याळ पाहून थांबू नये. शेवटची चांगली प्रत ४८ तासांहून जुनी असेल, तर साडेनऊ वाजतासुद्धा बॅकअप घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सकाळभराचा संथपणा सोसता येतो, पण हरवलेल्या दोन दिवसांच्या नोंदी परत मिळवता येत नाहीत.

उद्याच्या भेटीची आठवण देणारा संदेश मात्र भेटीची वेळ उलटल्यावर पाठवूच नये. तो न पाठवल्याची नोंद कारणासह ठेवावी, म्हणजे संदेश का आला नाही असे कोणी विचारल्यास उत्तर देता येते.