तिसरा ट्रान्समीटर बंद, तरी सिग्नल कुठून आला?

मंडळी, इन-इअरचं, म्हणजे कलाकाराला स्टेजवर स्वतःचा आवाज कानात ऐकवणाऱ्या वायरलेस सेटचं बोलायचं तर आधी गंगापूर रोडच्या एका लॉनवरचा माझाच घोळ सांगतो. तीन ट्रान्समीटर, गायिकेला एक, ड्रमरला एक, कीबोर्डवाल्याला एक, आणि मी फ्रिक्वेन्सी लावल्या 520, 521, 522 मेगाहर्ट्झ, लक्षात ठेवायला सोप्या म्हणून! आधी स्कॅन पण केलेलं, तिन्ही जागा स्वच्छ. आणि साउंडचेकला कीबोर्डवाला म्हणतो, दादा कानात खरखर येतीये, मधेच ड्रमरचा क्लिक पण घुसतोय. बॅटरी बदलली, इअरफोन बदलला, अर्धा तास असाच गेला.

शेवटी वैतागून त्याचा ट्रान्समीटर बंद केला आणि त्याचा रिसीव्हर पॅक हातात चालूच राहिला, तर पॅकवरचा सिग्नलचा मीटर अजून दोन काड्या दाखवतोय. आता तिथं कोणीच बोलत नाहीये, मग हे कोण?

हे म्हणजे इंटरमॉड्युलेशन. दोन ट्रान्समीटर जवळ असले की एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या अँटेनातून त्याच्या आउटपुटमधे शिरतो, आणि तिथं नवीन फ्रिक्वेन्सी तयार होतात. त्यातली त्रासदायक म्हणजे एकीच्या दुपटीतून दुसरी वजा. 521 ची दुप्पट 1042, त्यातून 520 गेले, उरले 522. बरोब्बर कीबोर्डवाल्याच्या डोक्यावर! स्कॅनला हे दिसत नाही कारण तेव्हा आपलेच ट्रान्समीटर बंद असतात ना.

मग तिसरा 522.6 वर नेला. आता अंतरं 1 आणि 1.6, सारखी नाहीत, त्यामुळे ते 522 वर पडणारं भूत कोणाच्याच जागेवर येत नाही. परत तोच खेळ केला, ट्रान्समीटर बंद, पॅक चालू, मीटर शून्य. हे मी आता प्रत्येक शोला एकेक पॅक घेऊन करतो, बाकीचे सगळे चालू ठेवून. आणि रॅकमधे अँटेना एकमेकांना चिकटून उभ्या असतील तर सगळ्यांचा सिग्नल एकाच अँटेनाला देणारा कॉम्बायनर लावा, नसेल तर निदान लांब लांब ठेवा, पॉवर कमी करा, छोट्या स्टेजला कमी पुरते.

आता लेटन्सी, म्हणजे आवाज कानात पोचायला होणारा उशीर, थोडक्यात. अ‍ॅनालॉग सेट जवळपास शून्य घेतो, पण स्वस्तातले 2.4 गिगाहर्ट्झचे डिजिटल सेट साधारण पाच मिलिसेकंद घेतात, वर डिजिटल मिक्सरचे एक-दोन, आणि माईकही डिजिटल वायरलेस असेल तर त्याचे अजून. कीबोर्डवाल्याला काही कळत नाही, पाच मिलिसेकंद म्हणजे स्पीकर पावणेदोन मीटर लांब असल्यासारखं. पण गायिकेचा आवाज तिला हाडांमधून लगेच ऐकू येतो आणि कानातला उशिरा, दोन्ही एकमेकांना कापतात, मग ती म्हणते माझा आवाज डब्यातून येतोय, आणि आपण उगाच ईक्यू फिरवत बसतो. मिक्सरच्या हेडफोन जॅकमधे वायरचा इअरफोन लावून तिला गायला सांगा, डबा गेला तर दोष लेटन्सीचा. दोन प्रकारचे सेट असतील तर अ‍ॅनालॉग गायिकेला, डिजिटल कीबोर्डवाल्याला.