गोषवाऱ्यात मुद्दा कुठे असतो?

(नाशिकमध्ये मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

चर्चासत्राची सूचना येते, त्यात लिहिलेलं असतं : गोषवारा तीनशे शब्दांत पाठवावा. मग आपण बसतो आणि पहिलं वाक्य लिहितो, ‘प्रस्तुत शोधनिबंधात अमुक कवितेतील सामाजिक जाणिवेचा आढावा घेण्यात आला आहे.’ या वाक्याची एक परीक्षा घ्या. त्यातलं कवितेचं नाव खोडा आणि दुसऱ्या कुठल्याही कवितेचं घाला. वाक्य जसंच्या तसं उभं राहिलं, तर त्यात तुमचं काहीच नाही. ‘आढावा’, ‘वेध’, ‘प्रकाश टाकणे’ हे शब्द या परीक्षेत हमखास नापास होतात.

आज एकच कविता घेऊन बोलू. आपण नाशकात आहोत, तेव्हा कुसुमाग्रजांचीच घेऊ. ‘आगगाडी आणि जमीन’. संग्रह ‘विशाखा’, १९४२. खांडेकरांनी प्रस्तावना लिहून तो प्रसिद्ध केला. तुमच्यातल्या बहुतेकांनी ही कविता शाळेत ऐकली असेल. जमीन गाडीच्या पायाशी लोळून विनवणी करते, गाडी माजून तिला हिणवते, घाटात शिरते, आणि शेवटी पूल दरीत कोसळून गाडीचे तुकडे होतात.

या कवितेवर ‘आगगाडी म्हणजे शोषक आणि जमीन म्हणजे शोषित’ असा गोषवारा लिहिलात, तर तो चुकीचा नाही. पण त्याला ‘नाही’ म्हणणारं सभागृहात कुणी भेटणार नाही, आणि ज्याला कुणी नाही म्हणू शकत नाही तो विषय झाला, मुद्दा नव्हे. मुद्दा हवा असेल तर कवितेजवळ जावं लागतं.

तर जवळ जाऊ. सुरुवातीला जमीन भरभरून बोलते. छातीत खिंडारं पडतात, वरून निखारे पडतात, मी चुरून चालले आहे, हे सगळं तिचं स्वतःचं बोलणं. गाडी उत्तरात तिला दुर्बळ म्हणते, भेकड म्हणते. आता पुढे बघा. गाडी घाटात गेल्यावर जमीन रागाने थरारते आणि ओरडते. काय ओरडते? ‘दुर्बळ भेकड!’ गाडीनेच तिला दिलेली दोन विशेषणं. तिचा नवा शब्द एकही नाही. त्यानंतर पहाड घुमतात, पूल पडतो, एक भयाण आक्रोश उठतो, आणि तो कुणाचा हे कविता सांगत नाही. गाडीत माणसं होती का, हाही उल्लेख नाही. इथे मला मुद्दा दिसतो. जमीन जिंकते, पण जिंकताना तिच्या तोंडी गाडीची भाषा आहे. यावर कुणी म्हणेल, ‘छे, तेच शब्द उलटवून मारणं हाच तर खरा विजय!’ म्हणू दे. वाद घालता येतो, म्हणजे निबंध लिहिता येतो.

पद्धतीचं तसंच. ‘वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय, की आता डोळा त्यावरून आपोआप घसरतो. साहित्याच्या निबंधात पद्धत म्हणजे तुम्ही टेबलाशी बसून प्रत्यक्ष काय केलंत ते. इथे काय करायचं? कवितेच्या ओळी तीन रकान्यांत लिहा : जमीन, गाडी, निवेदक. प्रत्येक बोलण्यापुढे ते कुणाला उद्देशून आहे ते लिहा. गाडी एकदा जमिनीशी बोलते, मग वळून स्वतःच्या चाकांशी बोलते. हे रकान्यांत मांडलं की लगेच दिसतं. आणि शेवटच्या ओळींत दोन रकाने रिकामे पडतात, फक्त निवेदक उरतो. ‘दुर्बळ भेकड’ कुठल्या रकान्यात टाकायचं, यावर हात अडखळतो. तिथेच तुमचा मुद्दा सापडलेला असतो.

तुलनेला एखादी कविता हवी, जास्त नकोत. वाचायला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. त्याच संग्रहातली ‘कोलंबसाचे गर्वगीत’ चालेल. तिथे समोर समुद्र आहे, त्याला आव्हान आहे, आणि समुद्र एक अक्षर बोलत नाही.

आता गोषवारा. असा होईल :

“कुसुमाग्रजांची ‘आगगाडी आणि जमीन’ (‘विशाखा’, १९४२) ही कविता सहसा शोषितांच्या विजयाची कविता म्हणून वाचली जाते. या निबंधाचे म्हणणे असे, की जमिनीचा विजय होतो, पण तो होताना तिची स्वतःची भाषा मागे पडते. विनवणी ती स्वतःच्या शब्दांत करते. उठावाच्या क्षणी मात्र गाडीने वापरलेली दोन विशेषणेच उच्चारते. हे दाखवण्यासाठी कवितेच्या ओळी जमीन, गाडी आणि निवेदक अशा तीन आवाजांत विभागल्या आहेत आणि कोण कोणाला उद्देशून बोलते, कोणाचा आवाज कुठे थांबतो, याची नोंद केली आहे. तुलनेसाठी ‘कोलंबसाचे गर्वगीत’ घेतले आहे. तिथे प्रतिपक्ष पूर्ण मूक आहे. या वाचनातून दिसते, की कवितेचा शेवट एकट्या निवेदकाच्या हाती जातो आणि त्यातला आक्रोश कोणाचा हे उघड केले जात नाही. त्यामुळे ‘विजय’ हे वर्णन या शेवटाला अपुरे पडते. निष्कर्ष या एका कवितेपुरता आहे.”

तीनशेची मर्यादा, हे त्याच्या निम्म्याच्याही आत आहे. उरलेली जागा भरलीच पाहिजे असं नाही.

यात ‘निष्कर्ष काढण्यात येईल’ असं कुठे नाही, हे लक्षात घ्या. गोषवारा म्हणजे चित्रपटाची जाहिरात नव्हे; शेवट लपवायचा नसतो. निवड समितीला तुमचं उत्तर आधीच हवं असतं, कारण त्यावरूनच निबंध तयार आहे की अजून मनातच आहे हे कळतं.

एक मोह मात्र नाशिककरांना हमखास होतो. घाट आणि पूल म्हटलं की कसारा घाट, कवी नाशकात राहिलेले, म्हणजे तो पूल तोच! ऐकायला सुरेख. पण कवितेत घाटाचं नाव नाही. कवीचं पत्र, आठवण, मुलाखत असा पुरावा हातात असेल तर तो स्वतंत्र निबंध करा. नसेल तर गोषवाऱ्यात त्याचा शब्दही नको, कारण पहिला प्रश्न त्यावरच येईल आणि तुमचे तीन रकाने बाजूला राहतील.

बीजशब्दांविषयी थोडक्यात : ‘मराठी कविता’, ‘सामाजिक जाणीव’ यांनी कुणाला काही सापडत नाही. ‘विशाखा’, ‘संवादकविता’, ‘निवेदक’ असे द्या.

आणि पाठवण्याआधी एक काम. आपला सगळा मुद्दा त्या दोन शब्दांवर उभा आहे, ते जमिनीचे आहेत असं धरून. पाठ्यपुस्तकावर किंवा मोबाइलवर आलेल्या पाठावर विसंबू नका. तिथे विरामचिन्हं बिनदिक्कत बदललेली असतात. संग्रहाची जुनी आवृत्ती वाचनालयातून मिळवा आणि अवतरणचिन्ह कुठे उघडतं, कुठे मिटतं ते बघा. ते शब्द जमिनीच्या तोंडी ठामपणे देता येत नसतील, तर ‘उच्चारते’च्या जागी ‘तिच्या उठावाशी जोडली जातात’ असं लिहा, आणि ही संदिग्धताच निबंधाचा एक परिच्छेद करा.