पंखा नेमका कशाला टांगलेला असतो?

श्रोतेहो, नमस्कार.

घरातला पंखा वाऱ्यासाठी आपण दररोज लावतो, पण तो वर नेमका कशाला धरून राहिला आहे, हे बहुतेकांनी कधी पाहिलेले नसते. छताजवळची ती वाटी, जिला आपण पंख्याचा कप म्हणतो, ती पंखा धरत नाही. ती केवळ झाकण आहे. खरा भार त्या कपाच्या आत, स्लॅबमध्ये पुरलेल्या एका सळईवर असतो, आणि आजचे माझे बोलणे तिच्याविषयीच आहे.

इमारतीचा स्लॅब पडण्याआधी, सेंट्रिंगवर लोखंड बांधून झाले की वायरमन खोलीच्या मध्यावर पंख्याचा बॉक्स ठेवतो. या बॉक्सच्या दोन बाजूंना भोके असतात, त्यांतून एक सळई आरपार जाते आणि मध्यभागी ती खाली वाकवलेली असते. हाच पंख्याचा हुक. सळईची दोन्ही टोके बॉक्सच्या बाहेर वीतभर तरी लांब ठेवून स्लॅबच्या लोखंडावर टाकायची आणि बाइंडिंग तारेने घट्ट बांधायची, म्हणजे काँक्रीट पडल्यावर ती टोके त्यात गाडली जातात. काँक्रीट आत शिरू नये म्हणून बॉक्समध्ये कागदाचे बोळे कोंबतात. थोडक्यात, बॉक्स ही नुसती पोकळी आहे आणि ताकद आहे ती काँक्रीटमध्ये गाडलेल्या त्या दोन टोकांची. टोके बॉक्सच्या पत्र्यालाच संपत असतील, तर बॉक्स कितीही जाड पत्र्याचा असला तरी तो पंख्याचा बॉक्स नव्हे.

दिव्यासाठी स्लॅबमध्ये जो गोल प्लॅस्टिकचा बॉक्स टाकतात, त्यात अशी सळई नसते, कारण दिव्याला ती लागतच नाही. घोटाळा होतो तो इथे. हॉलला पार्टिशन घालून त्याच्या दोन खोल्या केल्या, नव्या खोलीच्या मध्यावर आयता दिव्याचा पॉइंट मिळाला, वायरही आलेली आहे, मग तिथेच पंखा लावून टाका, असे घरमालकही म्हणतो आणि घाईत असलेला कारागीरही म्हणतो. अमेरिकेतील घरांची छते बहुधा लाकडी असतात, तिथेही हा भेद नियमातच आहे. छतातील बॉक्सवर तो पंख्यासाठी योग्य असल्याची खूण असावी लागते, पस्तीस पौंडांहून जड पंखा टांगायचा असेल तर तो किती वजन पेलतो हे बॉक्सवर लिहिलेले असावे लागते, आणि सत्तर पौंडांहून जड पंखा केवळ बॉक्सच्या आधाराने टांगता येत नाही. आपल्याकडे असा छापील शिक्का शोधत बसण्यापेक्षा टॉर्च घेऊन बॉक्समध्ये डोकावणे अधिक उपयोगाचे.

आता कोणी म्हणेल की आपला नेहमीचा अठ्ठेचाळीस इंची पंखा चार ते सहा किलोंचा, त्याला एवढे काय? वजनाचाच प्रश्न असता तर खरोखर फारसे काही नव्हते. पण पंखा पूर्ण वेगाने मिनिटाला साडेतीनशे ते चारशे फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला सुमारे सहा. समजा, तीन पात्यांपैकी एक पाते इतरांपेक्षा अवघे पाच ग्रॅम जड आहे आणि ते जादा वजन मध्यापासून दीड-एक फुटावर आहे. या वेगाला त्या पाच ग्रॅमची बाहेरची ओढ सुमारे साडेतीनशे ग्रॅम वजनाइतकी होते, आणि ती एका जागी न राहता सेकंदाला सहा वेळा दिशा बदलत गोल फिरते. पंखा दिवसाला दहा तास चालला तर हुकाला असे दोन लाखांहून अधिक हेलकावे बसतात. स्थिर वजन वर्षानुवर्षे पेलणारा स्क्रू या हेलकाव्यांनी एकेक आटा सुटत जातो, आणि प्लास्टरमध्ये ठोकलेली लाकडी खुंटी तर पहिल्या उन्हाळ्यातच भोक मोठे करून बसते.

म्हणूनच पंख्याच्या दांड्यावर, हुकाला अडकणाऱ्या शॅकलमध्ये, एक रबरी गुंडी असते. ही गुंडी हुकावर बसते आणि लोखंडावर लोखंड घासू देत नाही. जुना पंखा काढून नवा लावताना जुनीच, कडक होऊन तडे गेलेली गुंडी पुन्हा वापरली जाते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. गुंडी गेली की शॅकलचा बोल्ट हुकाच्या सळईला कानशीसारखा घासत राहतो. बोल्टाचा नट पक्का आवळून त्यापुढच्या भोकात फुटीर पिन घालायची आणि तिचे दोन्ही पाय उलट दिशांना वाकवायचे. दांड्याच्या खालच्या टोकाशी, जिथे मोटर जोडतो, तिथेही हेच करायचे. या पिनेची किंमत काहीच नसते, म्हणूनच बहुधा तिची आठवण राहत नाही.

एक प्रसंग तपशिलाने सांगतो. आमच्या नात्यातील एका कुटुंबाचे घर ठाण्यातील जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. त्यांच्या झोपण्याच्या खोलीतला पंखा पाचवर टाकला की फेऱ्यागणिक टक्‌ टक्‌ असा आवाज करी, आणि कपाभोवती छताला तपकिरी कडे उमटले होते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सकाळी झाडताना नेमकी पंख्याखालीच बारीक पांढरी पूड सापडते." मला आवाजापेक्षा ती पूड महत्त्वाची वाटली, कारण मोटर खराब असेल तर आवाज येईल, पण छताची पूड पडणार नाही.

मेन स्विच बंद करून आणि टेस्टरने वायर तपासून आम्ही पंखा उतरवला. नुसते पंख्याचे बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या घरांत कधी कधी बटण न्यूट्रलवर बसवलेले असते आणि वर वायर जिवंतच राहते. बॉक्समध्ये पाहिले तर गच्चीचे पाणी झिरपून सळई गंजली होती. पोपडे खरवडून मोजली तेव्हा मूळ दहा मिलिमीटरची सळई बॉक्सच्या कडेशी सहा मिलिमीटर उरली होती. चारच मिलिमीटर गेले असे यावर वाटते, पण वाकण्याला विरोध करण्याची सळईची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे सहा मिलिमीटरची सळई दहाच्या तुलनेत पाचव्या हिश्श्याइतकीच मजबूत राहते. खरे सांगायचे तर तेवढी ताकदही पाच किलोच्या उभ्या पंख्याला पुरली असती. पण गंजाचे खड्डे जिथे असतात तिथेच हेलकाव्यांनी चीर सुरू होते, आणि काँक्रीटच्या आत गेलेल्या टोकांची काय अवस्था आहे हे तर आम्हाला मोजताच येत नव्हते. तो हुक तिथेच रद्द केला.

गंजलेल्या सळईला नवी सळई वेल्ड करा, असा सल्ला एका शेजाऱ्यांनी दिला. तो मानला नाही, कारण नवी सळई शेवटी जुन्याच टोकांना लोंबकळली असती. त्याऐवजी हातोडीने छत ठोकून पाहिले. बॉक्सभोवती भद्द आवाज येत होता, म्हणजे प्लास्टर सुटलेले होते. फूटभर बाजूला तो खणखणीत झाला. तिथे जाड लोखंडी पट्टीची, मध्ये बंद कडी असलेली प्लेट चार फास्टनरनी बसवायचे ठरवले. इथे एक चूक सर्रास होते. फास्टनरचा फुगणारा भाग काँक्रीटमध्ये जायला हवा, प्लास्टरमध्ये नव्हे. आम्ही आधी लहान भोक पाडून प्लास्टरची जाडी पाहिली, ती अठरा मिलिमीटर निघाली. काँक्रीटमध्ये पन्नास मिलिमीटर हवे होते, म्हणून भोक सत्तर मिलिमीटर खोल घेतले आणि ड्रिलच्या बिटाला तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळून खूण केली. दोन भोकांत सळई लागली, तेव्हा स्लॅबचे लोखंड न कापता प्लेट थोडी फिरवून घेतली. भोकांतील धूळ फुंकून साफ केली, नाहीतर फास्टनर धुळीलाच धरून बसतो.

यानंतर परीक्षा घेतली. पंखा पाच किलोंचा होता, आणि मी नेहमी चौपटीचा हिशोब धरतो, म्हणजे वीस किलो. पिण्याच्या पाण्याचा भरलेला वीस लिटरचा जार यासाठी अगदी सोयीचा. प्लेटच्या चारही कडांना शिसपेन्सिलीने छतावर रेघ मारली, जार दोरीने कडीला असा टांगला की तो जमिनीपासून चार बोटेच वर राहील, खाली गादी घातली, आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी जाराला हाताने दोन्ही बाजूंना पीळ दिला, कारण पंखा सुरू होताना मोटर दांड्याला उलट दिशेने पिळते. रेघ आणि प्लेट यांत फट पडली नव्हती, भोकांभोवती तडा नव्हता. मगच पंखा चढवला. पाती जमिनीपासून आठ फुटांच्या वर आणि स्लॅबपासून फूटभर खाली आली, हे टेपने पाहून घेतले.

टक्‌ टक्‌ थांबले, तरी पंखा किंचित डोलत होता. पाती उतरवून स्वयंपाकघरातील काट्यावर तोलली, तेव्हा एक पाते सहा ग्रॅम जड निघाले. कधीतरी वाकलेले पाते बदलताना दुसऱ्याच संचातले बसवले होते. पाती संचानेच बदलावीत, कारण तीनही एकमेकांशी तोलून दिलेली असतात. नवा संच बसल्यावर डोलणे जवळजवळ गेले.

ज्यांच्याकडे पीओपीचे किंवा जिप्समचे खोटे छत आहे, त्यांनी पंखा त्याच्या पत्र्याच्या चॅनेलला कधीही टांगू नये. लांब दांडा घेऊन तो खोट्या छतातील भोकातून वर स्लॅबच्या हुकापर्यंत न्यावा, आणि भोक दांड्याला घासणार नाही इतके मोठे ठेवावे. लांब दांड्याने डोलणे अधिक जाणवते, म्हणून तिथे पात्यांचा तोल आणखी काटेकोर हवा. छत बंद करण्यापूर्वी हुकाचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे पुढे कोणाला शंका आली तर छत फोडावे लागणार नाही.

ठाण्याच्या त्या घरी आठ दिवसांनी मी पुन्हा गेलो आणि पाना लावून चारही नट तपासले. एक नट पाव फेरा घट्ट झाला, बाकीचे तीन हलले नाहीत. महिन्याने पाहिले तेव्हा चारही जागच्या जागी होते, आणि पंख्याखाली पांढरी पूड पडणे थांबले होते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग मात्र सोसायटीच्या सभेत अजून मंजूर व्हायचे आहे.